२३ जण, प्रत्येकी ₹३०० आणि नावांचं एक वर्तुळ

*आमचं पुण्यात २३ जणांचं ऑफिस आहे, त्यातले दोघं कायम घरून काम करतात. या डिसेंबरात सीक्रेट सांताची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली आहे. प्रत्येकी ३०० रुपयांच्या वर खर्च नको असं ठरलंय. मागच्या वर्षी चिठ्ठ्या तीनदा पाडाव्या लागल्या, एका मुलीला डिओ मिळाला, एकाला कुणीतरी आधीच वापरलेला मग आणि एकाला तर काहीच मिळालं नाही. यंदा हे नीट कसं करायचं?*

चिठ्ठ्या तीनदा पाडाव्या लागल्या यात कुणाचीच चूक नव्हती. डब्यात २३ नावं टाकून प्रत्येकाने एक उचलली, तर निदान एकाच्या हाती स्वतःचंच नाव येण्याची शक्यता जवळजवळ ६३ टक्के असते. माणसं १० असोत की १००, हा आकडा फारसा हलत नाही. नाव परत टाकून दुसरी चिठ्ठी काढू दिली तरी शेवटच्या माणसाजवळ स्वतःचंच नाव उरू शकतं. मग तो कुणाशी तरी अदलाबदल करतो आणि गुपित तिथेच फुटतं. शिवाय नवऱ्याला बायकोचं नाव आलं, मॅनेजरला त्याच्याच हाताखालच्याचं आलं, तर चिठ्ठी ते अडवू शकत नाही. म्हणून डबा यंदा माळ्यावर टाका आणि नावांचं वर्तुळ करा. सगळी नावं एका उभ्या रांगेत पिसून लावायची, प्रत्येकाने आपल्या खालच्याला भेट द्यायची, शेवटच्याने पहिल्याला. स्वतःचं नाव स्वतःला येणं यात शक्यच नाही, आणि 'मी तुला, तू मला' अशी जोडीही पडत नाही.

पण रांग लावण्याआधी दोन गोष्टी हातात हव्यात: पैशाचा नियम आणि प्रत्येकाचा भरलेला फॉर्म.

पैशाचं आधी. '३०० पर्यंत' एवढंच सांगितलं की कुणी ८० रुपयांची किचेन देतो, कुणी ८०० चा स्पीकर, आणि दोघेही शेजारी शेजारी उघडले जातात. नुसती वरची मर्यादा पुरत नाही, खालचीही लागते. माझा हिशेब असा: भेट ₹२२५ ते ₹२७५ मध्ये, आणि उरलेले ₹२५ प्रत्येकाकडून तुमच्याकडे आधीच जमा. २३ जणांचे ₹५७५ होतात. त्यातून ₹२७५ च्या दोन जादा भेटी आणून ठेवायच्या, उरलेल्या ₹२५ मध्ये लेबलं आणि चिकटपट्टी. या दोन जादा भेटी म्हणजे मागच्या वर्षीच्या 'काहीच मिळालं नाही' या प्रकारावरचा उतारा आहे. त्यांचा उपयोग पुढे येईलच.

₹२२५ ते ₹२७५ हा पट्टा खिशातून गेलेल्या पैशाचा धरा, छापील किमतीचा नाही. नाहीतर '९९९ ची वस्तू २७० ला मिळाली' असा वाद उभा राहतो. डिलिव्हरीचे पैसे आणि रंगीत कागद यातच. छोट्या ऑनलाइन ऑर्डरीवर डिलिव्हरीचा आकार लागला की ₹२३० ची वस्तू सहज पट्ट्याबाहेर जाते, म्हणून हे आधीच लिहून टाकलेलं बरं. घरी केलेल्या वस्तूला सामानाचा खर्च धरायचा, मेहनतीचा नाही. घरात पडून असलेली, दुसऱ्याने दिलेली वस्तू पुढे सरकवायची नाही, हेही स्पष्ट लिहा. त्या मगाचं कारण हेच असणार: नियमच नव्हता.

आता फॉर्म. बहुतेक ठिकाणी 'तुम्हाला काय आवडतं?' एवढा एकच प्रश्न असतो आणि उत्तरं येतात 'पुस्तकं', 'काहीही चालेल', 'सरप्राइज'. देणाऱ्याला यातून काहीच कळत नाही, मग तो दुकानात शिरल्यावर हाताला लागेल ते उचलतो. डिओ असाच येतो. त्यात वाईट हेतू नसतो, पण घेणारीला तो टोमणा वाटतो आणि तिचं काही चुकत नसतं. म्हणून फॉर्ममध्ये इच्छा तीन मागा, आणि तिन्ही वेगवेगळ्या जातीच्या. पहिली अगदी नेमकी वस्तू, जी कुठे मिळते ते माहीत आहे. दुसरी एक प्रकार, ज्यात देणाऱ्याला निवडीची मोकळीक आहे. तिसरी खाण्याची किंवा संपून जाणारी वस्तू, कारण घरात आणखी एक वस्तू नकोच असणारे बरेच असतात. त्याखाली 'हे नको' असा रकाना. चांगला भरलेला फॉर्म असा दिसतो:

> नेमकी वस्तू: काळी जेल पेनं, ०.५ ची, ५ नग
> प्रकार: टेबलावर ठेवायचं छोटं रोप, ऊन कमी लागणारं
> खाण्याचं: तिळाची किंवा शेंगदाण्याची चिक्की
> नको: मग, फोटोफ्रेम, कुठलाही सुगंध (डोकं दुखतं)
> खाण्याचं पथ्य: अंडं चालत नाही
> घरी कसे जाता: दुचाकीने

शेवटची ओळ लोकांना विनोद वाटते, पण दुचाकीवर किंवा भरलेल्या पीएमपीमध्ये कुंडी आणि काचेची बरणी घेऊन जाणं हा विनोद नसतो. खाण्याच्या पथ्यात मोकळी जागा ठेवू नका, पर्याय द्या: अंडं नको, कांदा-लसूण नको, कंदमूळ नको, साखर नको, दाणे किंवा सुकामेव्याची ॲलर्जी. मोकळ्या जागेत माणूस 'व्हेज' एवढंच लिहितो आणि त्याच्या वाट्याला अंड्याचा केक येतो.

फॉर्म आले की ते तसेच पुढे पाठवायचे नाहीत. एक संध्याकाळ काढून सगळे वाचा. तुमच्या कामातला सगळ्यात मोलाचा तास हाच, आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी वगळला जातो. नेमक्या वस्तूची आजची किंमत शोधून बघा. ती ₹१,२०० निघाली तर ती लिहिणाऱ्यालाच सांगा की दुसरं लिही. देणाऱ्याच्या पदरात ते पडलं तर तो एकतर पदरचे घालेल किंवा स्वस्तातली नक्कल आणेल. दोन्हीत अवघडलेपण आहे. कपडे, चपला, मापाची कुठलीही वस्तू आली तर परत पाठवा, कारण माप विचारणं आणि चुकणं दोन्ही नकोसं. 'काहीही चालेल' आलं तर त्या माणसाकडे जाऊन दोन मिनिटं बोला: चहा की कॉफी, गोड की तिखट, टेबलावर काय कमी आहे. एवढ्यात तीन ओळी भरतात.

याच फॉर्ममध्ये एक प्रश्न असा ठेवा की त्याचं उत्तर फक्त तुम्हाला दिसेल: 'एखाद्या व्यक्तीशी जोडी नको असेल तर एक नाव लिहा. कारण विचारलं जाणार नाही.' आणि खरंच विचारू नका. ऑफिसात कुणाचं कुणाशी बिनसलंय किंवा कुणाचं लक्ष कुणाला नकोसं वाटतंय, हे तुम्हाला माहीत असेलच असं नाही. अशा जोडीत ₹२५० ची साधी भेटसुद्धा भलतीच जड होते.

आता सोडत. नको असलेल्या जोड्यांची यादी आधी पक्की करा. तुमच्या आकाराच्या ऑफिसात ती साधारण अशी होईल. एक नवरा-बायको म्हणजे दोन ओळी, कारण दोन्ही दिशा लिहायच्या. एक मॅनेजर आणि त्याचे थेट सहा जण म्हणजे १२ ओळी. इथेही दोन्ही दिशा: वरच्याला भेट द्यायची म्हटलं की माणूस नकळत जास्त खर्च करतो, आणि खालच्याला मिळालेली भेट अप्रेझलच्या चष्म्यातून पाहिली जाते. मागच्या वर्षीच्या जोड्या, दोघेही अजून ऑफिसात असतील तेवढ्याच, समजा १८. या एकाच दिशेने पुरतात. एकूण ३२ ओळी, वर गुपचूप आलेली एखाद-दुसरी.

गूगल शीटमध्ये A2 पासून A24 पर्यंत नावं घाला. B मध्ये प्रत्येकाचा 'घेणारा', E आणि F मध्ये नको असलेल्या जोड्या (E देणारा, F घेणारा). सूत्रं एवढीच:

```
B2:   =A3     (B23 पर्यंत ओढा)
B24:  =A2
C2:   =COUNTIFS(E:E,A2,F:F,B2)   (C24 पर्यंत ओढा)
C25:  =SUM(C2:C24)
```

मग फक्त A2:A24 निवडून `Data` → `Randomize range`. C25 मध्ये शून्य आलं की सोडत झाली. नाही आलं तर पुन्हा पिसा. ३२ ओळींच्या यादीला एका झटक्यात शून्य येण्याची शक्यता चारात एक एवढीच आहे, म्हणजे सरासरी चार-पाच वेळा पिसावं लागेल. दहा वेळा लागलं तरी घाबरू नका. तीस-चाळीस वेळा पिसूनही येत नसेल तर मात्र यादी फार घट्ट आहे. 'आपल्याच टीममध्ये जोडी नको' असा नियम काही जण हौसेने घालतात, आणि एका टीममध्ये १२ जण असले तर बाहेर उरतात ११. बारा जणांना अकरा घेणारे कसे पुरणार? अशी सोडत कितीही पिसली तरी जमायची नाही. मागच्या वर्षीच्या जोड्या हा सगळ्यात सैल करण्याजोगा नियम, तो आधी सोडा. मॅनेजरचा सोडू नका.

या शीटमध्ये चुका तीन ठिकाणी होतात. पहिली, नावाच्या मागे राहिलेली एक रिकामी जागा. 'सायली' आणि 'सायली ' डोळ्याला सारखंच दिसतं, सूत्राला नाही, आणि C मध्ये खोटा शून्य येतो. E-F मध्ये नावं टाइप न करता A मधूनच कॉपी करा. दुसरी, `RAND()` ने नावं पिसण्याची सवय. ते सूत्र शीटमध्ये काहीही बदललं की पुन्हा चालतं. अर्ध्यांना निरोप पाठवून झाले आणि तुम्ही एक नाव दुरुस्त केलं की उरलेल्या अर्ध्यांना वेगळीच सोडत जाते, मग एकाला दोन भेटी आणि एकाला शून्य. `Randomize range` मध्ये हा धोका नाही, तरी शून्य आल्यावर A आणि B कॉपी करून दुसऱ्या टॅबमध्ये `Ctrl+Shift+V` ने सूत्रं सोडून नुसती नावं चिकटवा आणि निरोप तिथूनच पाठवा. तिसरी चूक गुपिताची. ही शीट फॉर्मच्या फाइलमध्ये करू नका. ज्यांना त्या फाइलमध्ये बदल करता येतात त्यांना जुन्या आवृत्त्याही उघडता येतात, टॅब पुसून उपयोग नाही. वेगळी फाइल, कुणाशीही शेअर न केलेली.

तुम्ही स्वतः खेळात असाल तर तुम्हाला कोण देणार हे तुम्हाला कळेल. त्याला इलाज म्हणजे शीटचं काम खेळात नसलेल्या एखाद्याकडे द्यायचं. पण नको असलेल्या जोड्यांची गुपचूप नावं ज्याच्याकडे जाणार तो माणूस विश्वासाचा हवा. तसा कुणी नसेल तर तुमचं सरप्राइज गेलं असं समजून चला, नुकसान किरकोळ आहे.

निरोप प्रत्येकाला स्वतंत्र मेलने. विषयाच्या ओळीत आणि पहिल्या दोन वाक्यांत घेणाऱ्याचं नाव येऊ देऊ नका, कारण मीटिंगमध्ये पडद्यावर लॅपटॉप जोडलेला असताना मेल येतो आणि कोपऱ्यातल्या सूचनेत सगळं वाचता येतं. नाव खाली, त्याखाली त्या व्यक्तीचा फॉर्म, त्याखाली पैशाचा पट्टा आणि भेट जमा करायची तारीख. देणाऱ्याला काही विचारायचं असेल तर ते तुमच्यामार्फत, हेही तिथेच.

वर्तुळाचा खरा फायदा कळतो तो कुणी मधेच गळल्यावर. डिसेंबरात कुणी ना कुणी नोकरी सोडतं, कुणी गावी जातं. समजा क्रम सायली, निखिल, फरझाना असा आहे आणि निखिल गळला. सायलीला सांगायचं की आता तुझी फरझाना. बाकी २१ जणांना काहीही कळवायचं नाही, फरझानालाही नाही. (फक्त सायली-फरझाना ही जोडी नको असलेल्यांत नाही ना, ते बघून घ्या.) नवा माणूस उशिरा आला तर तसाच दोघांच्या मध्ये घालायचा. सायलीने निखिलसाठी आधीच खरेदी केली असेल आणि ती फरझानाला जुळत नसेल, तर तुमच्याकडची एक जादा भेट फरझानाला आणि सायलीची वस्तू तिच्या जागी तुमच्या साठ्यात.

नको असलेल्या भेटींची यादी लांबलचक केली की कुणी वाचत नाही. निकष एकच सांगा: शरीर, वय, लग्न, धर्म आणि कामाच्या सवयी यांच्याबद्दल काहीही सुचवणारी वस्तू नको, घेणाऱ्याने स्वतः मागितली असेल तरच. डिओ, परफ्यूम, फेसवॉश, वजनकाटा, डाएटचं पुस्तक, 'वेळेचं नियोजन' छापाची पुस्तकं, देवाची मूर्ती, टकलावरचे किंवा बॉसवरचे विनोद छापलेले मग, हे सगळं त्या एका वाक्यात बसतं. त्याशिवाय दारू नको आणि जिवंत काही नको. काचेच्या भांड्यातला मासा दर दोन-तीन वर्षांनी कुणाला तरी सुचतोच. रोप चालेल. विनोदी भेट द्यायचीच असेल तर ती मुख्य भेटीसोबत, ₹२७५ च्या आतच. नुसता विनोद उघडला की हसू पाच सेकंद टिकतं, नंतर तो माणूस शेजारच्याची चिक्की बघत बसतो.

घरून काम करणाऱ्या दोघांची अडचण वेगळी आहे. त्यांना भेट कुरियरने पाठवली तर खर्च पट्ट्यात बसत नाही, आणि देणाऱ्याने ऑनलाइन मागवली तर पार्सलसोबत किंमत किंवा देणाऱ्याचं नाव पोहोचू शकतं. शिवाय घरचा पत्ता, विशेषतः बाईमाणसाचा, अनोळखी 'सांता'च्या हाती देणं बरोबर नाही. म्हणून देणाऱ्याने वस्तू निवडून तुम्हाला दुवा पाठवायचा, पैसे तुम्हाला द्यायचे, आणि ऑर्डर तुमच्या नावाने. पत्ता फक्त तुमच्याकडे राहतो. उलट दिशेने, त्या दोघांनी द्यायच्या भेटी ऑफिसच्या पत्त्यावर, पण तुमच्या नावाने येऊ द्या.

तारखा उलट्या मोजा. उघडण्याचा दिवस २५ डिसेंबरच्या आधीचा शुक्रवार धरा, पण २३-२४ ला पडत असेल तर एक आठवडा मागे घ्या, कारण लोक तोवर सुट्टीवर निघालेले असतात. गुरुवार शक्यतो नको. डिसेंबरचा बराचसा भाग मार्गशीर्षात जातो, अनेकींचा गुरुवारचा उपास असतो आणि समोर आलेला केक त्यांना नुसता बघावा लागतो. त्या शुक्रवारच्या आधी १६ दिवस, म्हणजे बुधवारी, सोडतीचे निरोप जायला हवेत. मध्ये दोन शनिवार-रविवार मिळाले पाहिजेत. एकच मिळाला तर लोक आदल्या रात्री सोसायटीखालच्या दुकानातून काहीतरी आणतात. निरोपाच्या आदल्या सोमवारी फॉर्म बंद, मंगळवार तुमच्या वाचनाचा, आणि फॉर्म त्याच्या आधी पाच दिवस उघडा. भाग घेणं ऐच्छिक ठेवा: ज्याने फॉर्म भरला तो खेळात, नाही भरला तर 'का रे नाही' असं कुणी विचारायचं नाही. हाउसकीपिंगच्या ताई किंवा सिक्युरिटीचे काका यायचं म्हणाले तर त्यांचे ₹३०० ऑफिसकडून, गाजावाजा न करता.

भेटी उघडण्याच्या आदल्या दिवशी पाचपर्यंत तुमच्याकडे जमा. प्रत्येकीवर फक्त घेणाऱ्याचं नाव, तेही छापील लेबलवर, कारण ऑफिसात एकमेकांचं अक्षर सगळे ओळखतात. पाच वाजता यादीवर खुणा करा. जी नावं रिकामी आहेत त्यांच्या देणाऱ्यांना तिथल्या तिथे फोन, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंतही आली नाही तर तुमची जादा भेट त्या नावाने लेबल लावून ढिगात. घेणाऱ्याला हे कधी कळता कामा नये. देणाऱ्याकडून ₹२७५ नंतर घ्या, साठा भरून निघतो.

जादा भेटी कुठल्या, तर अंडं-कांदा-लसूण-सुकामेवा काहीच न लागणाऱ्या आणि सुगंध नसलेल्या: चांगली जाड वही आणि पेन, किंवा टेबलावर ठेवायचा मोबाइल स्टँड. वर्षअखेर त्या उरल्या तर प्रिंटरशेजारच्या कपाटात ठेवा. जानेवारीत कुणी ना कुणी नवीन रुजू होतंच.